ढेकर जेवणाचा की बाटलीचा?

लग्नसराईतल्या दुपारच्या पंगती उठल्या की मंडपाच्या एका कोपऱ्यात हमखास गर्दी होते. बर्फाच्या टबात शीतपेयांच्या बाटल्या बुडवून ठेवलेल्या असतात. कुणीतरी नातवंड धावत जाऊन एक बाटली आणते आणि आजोबांच्या हाती देते. “घ्या आजोबा, जेवण जिरेल.” आजोबा चार घोटांत अर्धी बाटली रिकामी करतात, मिनिटभरात दणदणीत ढेकर देतात आणि समाधानाने म्हणतात, “बघ, लगेच मोकळं झालं!”

या समजुतीकडे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. जठरात अन्न घुसळले जाते, त्यावर आम्ल आणि पाचक रस येतात. परंतु मोठा ढेकर यावा इतका वायू या कामात सहसा तयार होत नाही. ढेकरावाटे बाहेर पडतो तो वायू बहुतेक वेळा एक तर आपण घोटाबरोबर गिळलेली हवा असते, नाहीतर पेयातून आत गेलेला कर्बवायू. म्हणजे आजोबांना जो मोकळेपणा वाटला, तो मिनिटभरापूर्वी त्यांनी स्वतःच पोटात भरलेल्या वायूचा होता. जेवण जिरण्याशी त्याचा संबंध नाही. तरुण, निरोगी माणसाच्या बाबतीत हे गमतीवर सोडून देता येते. उतारवयात मात्र हाच वायू कधी पोट ताणतो, कधी कळ उठवतो, आणि कधी छातीत असे काही दाटून आणतो की घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. म्हणून बाटली उघडल्यापासून ढेकर येईपर्यंत नेमके काय घडते, ते क्रमाने पाहू.

गार पेय गप्प का असते?

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी गोटी सोडा प्यायला असेल. त्या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी रबराच्या कड्यावर घट्ट बसलेली असे. तिला वर दाबून धरणारा दुसरा कोणी नसून आतला वायूच होता. गोटी अंगठ्याने खाली ढकलली की दाब सुटे आणि फस्स आवाज करीत सोडा उसळे. आजच्या पत्र्याच्या बुचाच्या किंवा फिरकीच्या झाकणाच्या बाटलीतही तत्त्व तेच आहे. कर्बवायू दाबाखाली पाण्यात विरघळवलेला असतो आणि दाब सुटला की तो बाहेर येऊ पाहतो.

किती वायू? पेयागणिक हे प्रमाण कमीजास्त असते, पण चांगल्या फसफसत्या 300 मिलिलिटर पेयात साधारण दोन ग्रॅम कर्बवायू असतो. दोन ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात. तोच वायू मोकळा झाला, तर मात्र सुमारे एक लिटर जागा व्यापतो. एका छोट्या बाटलीत तिच्या तिपटीहून अधिक आकारमानाचा वायू दडलेला असतो, असे म्हटले तर चित्र डोळ्यांपुढे येईल.

यात थंडपणाची भूमिका महत्त्वाची. पाणी जितके गार, तितका त्यात वायू अधिक मुरतो. बर्फाइतक्या गार पाण्यात जेवढा कर्बवायू मावतो, त्याच्या एकतृतीयांशच शरीराच्या उष्णतेच्या पाण्यात मावतो. म्हणूनच उन्हात राहिलेली बाटली उघडताच निम्मे पेय फेसावाटे अंगावर येते, तर फ्रीजमधली बाटली शहाण्या मुलासारखी गप्प बसते. हा तिचा शहाणपणा फसवा आहे. तिने वायू सोडलेला नसतो, राखून ठेवलेला असतो. तो ती आपल्या पोटात सोडते, कारण तिथे तिला 37 अंश सेल्सिअसची ऊब मिळते.

पोटात आणखी एक गोष्ट घडते. सोड्यात चिमूटभर मीठ टाकले की तो कसा उसळतो, हे लिंबू-सोड्याच्या गाडीवर आपण पाहिले आहे. वायूचे बुडबुडे तयार होण्यासाठी खडबडीत, कणीदार पृष्ठभाग लागतो आणि मिठाचे कण तो पुरवतात. जेवलेल्या पोटात भाताची शिते, डाळ, कोशिंबीर असे असंख्य कण असतात, शिवाय जठर त्यांना सतत हलवत असते. ऊब, कण आणि ढवळणे हे तिन्ही एकाच वेळी मिळाल्यावर वायू झपाट्याने सुटतो. जाता जाता सांगायचे तर, मसाला सोड्याच्या पेल्यातून फेस बाहेर सांडतो तेव्हा आपल्याला पैसे वाया गेल्यासारखे वाटते. पोटाच्या दृष्टीने मात्र तो फायद्याचाच व्यवहार असतो. जेवढा वायू पेल्यात गेला, तेवढा पोटात जात नाही.

ताण आणि अचानक उघडणारे दार

रिकामे जठर मुठीएवढे आकसलेले असते. घास उतरू लागले की त्याचा वरचा, डाव्या बाजूचा भाग सैल पडतो आणि जागा करून देतो. त्यामुळे भरपेट जेवणानंतर एक-दीड लिटरपर्यंत ऐवज सामावूनही आपल्याला केवळ तृप्ती जाणवते. मात्र हे सैल पडणे घासागणिक, सावकाश होत असते. अर्ध्या मिनिटात आलेल्या फुगवट्याशी जुळवून घ्यायला जठराला वेळ मिळत नाही. वाढत्या वयात आणि विशेषतः जुन्या मधुमेहात हे जुळवून घेणे आणखी मंद होऊ शकते.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. समजा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी लग्नाचे जेवण नीट केले आहे; त्यांच्या पोटात अंदाजे 800 मिलिलिटर अन्न-पाणी आहे. त्यावर त्यांनी 300 मिलिलिटर गार पेय मिनिटभरात संपवले. बाटलीतल्या लिटरभर वायूपैकी निम्मा बाटली उघडताना, ओतताना आणि तोंडातल्या फेसात गेला असे धरू. उरला अर्धा लिटर. त्यातला काही भाग पोटातल्या द्रवात विरघळलेला राहील आणि काही जठराच्या अस्तरातून रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जाईल. तरीही दोन-तीन चहाचे कप भरतील एवढा मोकळा वायू पहिल्या काही मिनिटांत पोटात सुटेल. म्हणजे आधीचे 800, पेयाचे 300 आणि वर हा वायू. जठर आपल्या सुखद मर्यादेच्या पलीकडे गेले. बेंबीच्या वर, डाव्या बरगडीखाली दाटल्यासारखे वाटते, धोतराची किंवा पायजम्याची नाडी सैल करावीशी वाटते, ते यामुळे. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. कुणी निम्मी बाटली पितो, कुणी हळू पितो, आणि तसा आकडा बदलतो.

आता ढेकराकडे वळू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे वर्तुळाकार स्नायूंचे एक दार असते. ते एरवी मिटलेले राहते, नाहीतर प्रत्येक वेळी वाकताना आम्ल घशाशी आले असते. बसलेल्या किंवा उभ्या स्थितीत वायू हलका असल्याने जठराच्या घुमटात, या दाराच्या आसपास, गोळा होतो. घुमटाची भिंत ठरावीक मर्यादेपर्यंत ताणली गेली की तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या देठाकडे निरोप जातो, आणि तिथून उलट निरोप येताच ते दार काही सेकंद सैल होते. वायू अन्ननलिकेत शिरतो, ती फुगते, त्यासरशी घशाजवळचे दुसरे दारही उघडते आणि ढेकर बाहेर पडतो. वायू थोडा थोडा झिरपत नाही. मर्यादा गाठेपर्यंत दार बंद आणि गाठताच एकदम उघडे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून ढेकर अचानक येतो, चारचौघांत येतो आणि दाबून धरणे अवघड जाते. त्याचा संकोच वाटतो हे खरे, परंतु तो जठराचा सुरक्षा-झडपेसारखा उपाय आहे आणि तो दाबून धरल्याने त्रासच वाढतो.

ज्या वाचकांनी जठराची बेरियमची क्ष-किरण तपासणी करवून घेतली असेल, त्यांना एक गोष्ट आठवेल. या तपासणीच्या एका प्रकारात फसफसणारी पूड पाण्याबरोबर गिळायला देतात आणि “आता ढेकर देऊ नका” असे बजावतात. जठर मुद्दाम फुगवून त्याच्या अस्तराच्या घड्या स्पष्ट दिसाव्यात, हा त्यामागचा हेतू. ढेकर आवरताना किती कासावीस व्हायला होते, हे त्या दिवशी कळते.

मग कळ कशाने येते?

जठराला कापण्या-भाजण्याची वेदना आपल्या कातडीसारखी कळत नाही, ताणाची मात्र नेमकी कळते. ताणलेली भिंत जेव्हा आकुंचन पावू लागते, तेव्हा आत अडकलेल्या वायूवर दाब पडतो आणि तो वायू वाट मिळेपर्यंत उलट दाबतो. ही रस्सीखेच आपल्याला पेटक्यासारख्या कळेच्या रूपात जाणवते. म्हणून ती लाटांनी येते, कमी होते, पुन्हा येते, आणि एक मोठा ढेकर आला की बहुधा ओसरते.

गारव्यामुळे यात भर पडते. अगदी थंड पेय गेल्यावर पहिली काही मिनिटे जठर पुढे आतड्यात माल ढकलण्याचे काम मंदावते. आतले तापमान पूर्ववत झाले की ते पुन्हा गती घेते. साधारण अर्ध्या तासात हे घडते. पेयातली भरपूर साखरही हे काम रेंगाळवते, कारण लहान आतडे गोड, दाट द्रव थोडा थोडाच स्वीकारते. परिणामी वायू जास्तीत जास्त सुटत असतो नेमक्या त्याच वेळी खालचा रस्ता अरुंद झालेला असतो. काही व्यक्तींना गार घोट गिळतानाच छातीच्या मध्यभागी चमक येते. ती जठरातली नव्हे, तर गारव्याने अन्ननलिकेचे स्नायू आवळले गेल्याची असू शकते.

पेय प्यायल्यावर लगेच शौचाची भावना झाली किंवा खालच्या पोटात मुरडा आला, तर त्याचे कारण बहुधा वायू नसते. जठर ताणले गेले की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. सकाळच्या चहानंतर अनेकांना हाच इशारा मिळतो. सोड्यातला कर्बवायू मोठ्या आतड्यापर्यंत फारसा पोहोचतच नाही. तो वाटेतच रक्तात शोषला जातो. तेव्हा रात्री पोटात गुडगुड होऊन वात सरू लागला, तर दुपारच्या बाटलीपेक्षा जेवणातल्या वाटाण्या-छोल्यांकडे बोट दाखवणे अधिक न्याय्य ठरेल.

जेवून आडवे होताना

आपले गृहस्थ जेवले, बाटली प्यायले आणि घरी येऊन पंख्याखाली उताणे पडले, असे समजा. इथे त्रास खरा वाढतो. उताणे झोपल्यावर जठरातला द्रव मागे, म्हणजे दाराच्या बाजूला साचतो आणि वायू पुढच्या, खालच्या भागाकडे सरकतो. आता दारापाशी वायू नसून द्रव आहे. ढेकर येत नाही, आणि आलाच तर बरोबर आंबट पाणी घशाशी आणतो. पोट मात्र फुगलेलेच राहते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना थंड पेय पाजल्यावर ते विनाकारण अस्वस्थ झाल्यासारखे दिसतात, त्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. त्यांना धड बोलता येत नसेल, तर पोटावरून हात फिरवणे, कण्हणे, पाय पोटाशी घेणे यांवरून शुश्रूषा करणाऱ्याने ते ओळखावे.

डाव्या कुशीवर झोपल्यास अन्ननलिकेचे तोंड द्रवाच्या पातळीच्या वर राहते, उजव्या कुशीवर ते बुडते. आपल्याकडे दुपारच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’ म्हणतात, आणि त्या शब्दातच डावी कूस सांगितलेली आहे, हे मला नेहमीच मोठे रोचक वाटत आले आहे. अर्थात फसफसते पेय प्यायल्यावर वामकुक्षीचीही घाई नको. अर्धा-पाऊण तास पाठ ताठ ठेवून बसावे किंवा घरातल्या घरात हळू चालावे. रुग्ण खाटेवर असेल तर उशांच्या आधाराने त्याला बसते करावे, कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करावी आणि ढेकर यायला वेळ द्यावा. कोमट पाण्याचे दोन-चार घोट हरकत नाहीत.

एक चूक मात्र घराघरांत होते. पोट फुगले म्हणून वर फसफसणारी आम्लनाशक पूड किंवा आणखी सोडा दिला जातो. ही पूड पाण्यात पडताच स्वतःच कर्बवायू सोडते, म्हणजे ताणलेल्या पोटात आपण आणखी वायू ओततो. त्यातून मोठा ढेकर येतो आणि गुण आल्यासारखे वाटते, एवढेच. शिवाय तिच्यात सोडियम बरेच असते, आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते परवडणारे नाही.

प्यायचेच असेल तर? प्रयोगांत असे आढळले आहे की जठराचा त्रास साधारणतः 300 मिलिलिटरपेक्षा अधिक फसफसते पेय प्यायल्यावर दिसू लागतो. आधीच भरलेल्या पोटाला आणि उतारवयाला ही मर्यादा अर्थातच खाली आणावी लागेल. माझ्या मते अर्धा पेला पुरे. तो रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून, चमच्याने ढवळून, फेस विरू द्यावा, गारवा थोडा जाऊ द्यावा आणि घोट घोट घ्यावा. नळीने ओढताना किंवा बाटली तोंडाला लावून गटागट पिताना वरची हवाही गिळली जाते. ज्यांच्यावर अन्ननलिकेच्या खालच्या दाराशी, हायटस हर्नियासाठी किंवा वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी ही पेये शल्यचिकित्सकांना विचारल्याखेरीज घेऊच नयेत. दार घट्ट केलेल्या काही रुग्णांना ढेकर देताच येत नाही आणि वायू आतच कोंडतो.

‘गॅस’ म्हणण्याआधी

या विषयातला सर्वांत गंभीर भाग शेवटी घेतो आहे. पेयाने फुगलेले जठर डाव्या बाजूने पडद्याला वर रेटते, त्यामुळे छातीच्या खालच्या भागात दाटते, दीर्घ श्वास घेताना अडल्यासारखे वाटते. त्याच जागी हृदयविकाराच्या झटक्याची वेदनाही जाणवू शकते, आणि झटक्यातही ढेकर, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा अशी लक्षणे असू शकतात. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत ठळक कळ न येताच झटका येण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी घरातले कोणी म्हणते, “गॅस झालाय, सोडा द्या.” सोडा दिला की ढेकर येणारच, कारण तो सोड्याचा असतो. ढेकर आला म्हणून निदान बरोबर ठरले असे सगळे धरून चालतात, आणि या भ्रमात मोलाचा वेळ निघून जातो.

फरक ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. वायूची कळ पेय प्यायल्यानंतर काही मिनिटांतच सुरू होते, लाटांनी येते, बसल्यावर किंवा ढेकर आल्यावर स्पष्टपणे उतरते आणि बहुधा तासाभरात नाहीशी होते. याउलट दडपण सतत राहिले, दहा-पंधरा मिनिटांत उतरले नाही, जबडा, खांदा, हात किंवा पाठीकडे पसरले, थंड घाम आला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा जिना चढताना ते वाढले आणि थांबल्यावर कमी झाले, तर बाटलीला दोष देत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयालेख काढून घ्यावा. हृदयालेख काही मिनिटांत निघतो. पहिला निर्दोष आला तरी डॉक्टर पुन्हा काढायला किंवा रक्ततपासणीसाठी थांबायला सांगतील, तेव्हा “आता बरं वाटतंय” म्हणून घरी निघू नये. या काळात पोटात काही देऊ नये, सोडा तर नाहीच. डॉक्टरांनी सांगितल्यास ॲस्पिरिन देण्याचा अपवाद तेवढा आहे.

याखेरीज उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट अंश दिसणे, डांबरासारखे काळे शौच होणे, पोट लाकडासारखे कडक होणे, घास अडकणे, किंवा थोडेसे खाल्ल्यावरच पोट भरून वजन घटत जाणे, यांपैकी काहीही असेल तर पेय सोडून दिल्याने प्रश्न सुटणार नाही. पोटविकारतज्ज्ञांकडे जावे लागेल. डॉक्टरांपुढे बसल्यावर “गॅस होतो” एवढेच न सांगता काय प्यायले, किती प्यायले, किती मिनिटांनी त्रास झाला, त्या वेळी बसले होते की झोपले होते आणि ढेकराने तो उतरला की नाही, हे सांगितले तर त्यांचे काम सोपे होते. चालू औषधांची चिठ्ठीही सोबत न्यावी, कारण रक्तदाबाच्या आणि छातीत दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी अन्ननलिकेचे ते दार सैल पडते, आणि मग अर्ध्या पेल्यानेही आंबट पाणी वर येऊ लागते.